बॉक्सचं कोटेशन मागवताना रेट विचारायच्या आधी बॉक्स लिहून काढा

प्रश्न: "आमचं मसाल्याचं छोटं युनिट आहे. आउटर बॉक्ससाठी चार सप्लायर्सना फोन केला तर चौघांनी चार रेट सांगितले, ४० पासून ५२ पर्यंत. आता लेखी कोटेशन मागवायचंय, पहिल्यांदाच. सगळ्यांना नेमकं काय लिहून पाठवू?"

मी कुपवाड एमआयडीसीत एका फूड कंपनीत पर्चेस बघतो, ११ वर्षं झाली, आणि त्यातला बराच काळ या कोरुगेटेड बॉक्सशीच झटापट चालू आहे, म्हणून लिहितोय. तुम्हाला चार रेट आले कारण चौघांनी मनात चार वेगवेगळे बॉक्स धरले. फोनवर तुम्ही "५ प्लाय, १६ बाय १२ बाय १०" एवढंच सांगितलं असणार. त्यात कागद कुठला हे आलं नाही, माप आतलं की बाहेरचं हे आलं नाही, गाडीभाडं कोणाचं तेही नाही.

आधी मापाचं सांगतो, कारण आमचा पहिला फटका तिथेच बसला होता. मीही असंच इंचात माप लिहून पाठवलं होतं, सप्लायरने ते बाहेरचं धरलं. ५ प्लाय बोर्ड साधारण ६-७ मिलीमीटर जाड असतो, त्यामुळे लांबी-रुंदीत दीड सेंटीमीटर जातो, पण खरा मार उंचीत बसतो कारण वर-खाली फ्लॅप एकावर एक येतात, तिथे अडीच सेंटीमीटरच्या आसपास कमी झालं. पाऊचचा वरचा थर बसेना, पोरांनी दाबून टेप मारली, बॉक्स फुगले आणि गोडाऊनमध्ये थप्पी कलंडायला लागली. चूक सप्लायरची नव्हती, मी लिहिलंच नव्हतं. तेव्हापासून माप मिलीमीटरमध्ये, "आतलं माप" असा शब्द घालून, लांबी-रुंदी-उंची याच क्रमाने लिहितो. माप ठरवताना पाऊच भरून थर लावून बघा, रिकाम्या पाऊचवरून काढू नका.

आता कागद. इथे दोन आकडे लागतात, जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं वजन आणि बीएफ म्हणजे कागद फुटायला किती ताकद लागते त्याचा आकडा. ५ प्लायमध्ये तीन सपाट कागद (लायनर) आणि दोन नागमोडी (फ्लूट) असतात. बरेच जण वरच्या लायनरचा जीएसएम सांगतात आणि आतल्या फ्लूटला हलका कागद घालतात, बाहेरून बघून काहीच कळत नाही. म्हणून पाचही थरांचा जीएसएम-बीएफ लिहून द्यायचा आणि त्यासोबत बॉक्सचं वजन मागायचं. हे वजन तुम्हाला घरबसल्या काढता येतं. समजा पाचही थर १५० जीएसएम. तीन लायनरचे ४५०, फ्लूट नागमोडी असल्यामुळे त्याला अंदाजे १.४ पट कागद लागतो, म्हणजे दोन फ्लूटचे ४२०, मिळून ८७०. तुमच्या ४०० x ३०० x २५० च्या बॉक्सला जोडपट्टी धरून साधारण ०.८१ चौरस मीटर बोर्ड लागेल, म्हणजे बॉक्स ७०० ग्रॅमच्या आसपास भरला पाहिजे. फ्लूट १२० चे घातले तर तोच बॉक्स ६४० वर येतो.

बर्स्टिंगच्या, म्हणजे बोर्ड किती दाबाला फुटतो त्याच्या, नुसत्या रिपोर्टवर विसंबू नका. हिशोबात फ्लूटचं बर्स्टिंग अर्धंच धरतात, त्यामुळे फ्लूट हलका केला तरी आकडा फारसा उतरत नाही. वरच्याच उदाहरणात १८ बीएफ धरला तर १०.८ चा साधारण १०.३ होतो, बस. पण थप्पीचं वजन पेलण्यात फ्लूटचा वाटा मोठा असतो. ६ थर लावले की सगळ्यात खालच्या बॉक्सवर ६०-६५ किलो येतात आणि पावसाळ्यात कागद ओल धरतो तेव्हा तोच बॉक्स आधी दबतो.

मी साधारण असा मजकूर पाठवतो, तुमच्या मसाल्याला लावून लिहितोय:

"५ प्लाय कोरुगेटेड बॉक्स, आतलं माप ४०० x ३०० x २५० मिमी, पाचही थर १५० जीएसएम १८ बीएफ क्राफ्ट. आत १२ किलो माल, ६ थरांची थप्पी. एका रंगात दोन बाजूंना छपाई, आर्टवर्क आम्ही देऊ. एकूण ३००० नग, १००० चे तीन लॉट, पहिला लॉट आर्टवर्क मंजूर झाल्यापासून १० दिवसांत, पुढचे दर ३० दिवसांनी. प्रत्येक लॉटमध्ये ५ टक्के कमी-जास्त चालेल, बिल प्रत्यक्ष नगांचंच. रेट प्रति नग जीएसटी सोडून, आमच्या गोडाऊनपर्यंत पोच. छपाईच्या ब्लॉकचा खर्च वेगळा दाखवा. पेमेंट माल मिळाल्यापासून ३० दिवसांत. कोटेशनमध्ये बॉक्सचं वजन आणि रेट किती दिवस कायम राहील ते लिहा. वरच्यापैकी काही जमत नसेल तर काय आणि त्याऐवजी काय देऊ शकता ते स्पष्ट लिहा. कोटेशन शुक्रवार संध्याकाळी ५ पर्यंत, सोबत एक सॅम्पल बॉक्स."

यातल्या "पासून" या शब्दांकडे बघा. डिलिव्हरी १० दिवस म्हटलं की सप्लायर ब्लॉक तयार झाल्यापासून मोजतो, आपण ऑर्डर दिल्यापासून मोजतो, आणि मध्ये आर्टवर्कच्या दुरुस्त्यांत आठवडा जातो. तसंच पेमेंटचं, ३० दिवस बिलाच्या तारखेपासून की माल आल्यापासून? बिल आधी फाडून माल पाच दिवसांनी पाठवणारे असतात. लॉट पाडायचं कारण जागा आणि ओल, तीन हजार बॉक्स जूनमध्ये एकदम घेऊन ठेवले तर शेवटचे हजार नरम झालेले असतात. पण एकूण संख्या मात्र तीन हजार लिहाच, कारण मशीनचं सेटिंग आणि कागदाची खरेदी त्यावर ठरते, नुसते हजार लिहिले तर रेट चढा येईल. आणि जेवढे खरंच घेणार तेवढेच लिहा, रेट पाडायला दहा हजार लिहून हजार उचलले की पुढच्या वेळी तो सप्लायर तुमच्या मेलला उत्तरच देत नाही.

पेमेंटबद्दल अजून एक. बॉक्सवाले बहुतेक उद्यम नोंदणीवाले सूक्ष्म किंवा लघु उद्योग असतात. ते स्वतः बनवणारे असतील तर लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला की कायद्याने व्याज लागतं, आणि वर्षअखेरीला ती रक्कम थकलेली असेल तर त्या वर्षी इन्कम टॅक्समध्ये खर्च म्हणून धरता येत नाही. म्हणून ६० किंवा ९० दिवस मागूच नका, आणि जे ठरेल ते लेखी ठेवा. उद्यम नंबर कोटेशनसोबतच मागून घ्या.

पाठवताना सगळ्यांना एकाच दिवशी तोच मजकूर, पण वेगवेगळे मेल करा किंवा बीसीसीत टाका. कोणी फोन करून शंका विचारली, समजा "छपाई तीन बाजूंना चालेल का", तर त्याचं उत्तर चौघांनाही कळवायचं, नाहीतर परत चार वेगळे बॉक्स तयार. एकाचा रेट दुसऱ्याला सांगायचा नाही. मी कधीच सांगत नाही, कारण उद्या माझाही रेट असाच फिरेल हे समोरच्याला लगेच कळतं आणि मग तो पहिल्या कोटेशनला खरा रेट देत नाही.

आता आकडे आल्यावर काय करायचं ते आमच्या अशाच तीन हजार बॉक्सच्या एका खरेदीवरून सांगतो. पहिल्याचा रेट ४६, पण गाडीभाडं वेगळं, ब्लॉक ४५०० आणि ५० टक्के अॅडव्हान्स, उरलेले डिलिव्हरीला. दुसऱ्याचा ४९.५०, पोच, ब्लॉक धरून, ३० दिवस उधारी. तिसऱ्याचा ४२.५०, पोच, बाकी सगळं "मान्य". साहेबांचं बोट सरळ तिसऱ्यावर. पहिल्याचं भाडं ६००० होत होतं, म्हणजे नगामागे २ रुपये, ब्लॉकचे दीड, झाले ४९.५०. त्यात आपले पैसे महिना-दीड महिना आधी अडकतात, वर्षाला १२ टक्के व्याज धरलं तरी नगामागे ६० पैशांच्या आसपास. म्हणजे ४६ वाला दुसऱ्यापेक्षा महाग पडला. तिसऱ्याचा सॅम्पल काट्यावर ठेवला, ६४० ग्रॅम. किलोवर काढलं तर त्याचा पोच रेट ६६ च्या आसपास बसत होता आणि बाकी दोघांचा ७१ च्या आसपास, म्हणजे दिसत होता तेवढा स्वस्त तो नव्हता, बराचसा फरक कमी कागदाचा होता.

त्याला थेट विचारायच्या आधी सॅम्पल तपासला. बॉक्समधून १० सेंटीमीटर बाय १० सेंटीमीटर चौकोन कापा, कोमट पाण्यात भिजवा, थर अलगद सुटतात. पूर्ण वाळू द्या आणि सोनाराकडच्या बारीक काट्यावर एकेक वजन करा. लायनरचं वजन ग्रॅममध्ये गुणिले १०० म्हणजे जीएसएम, दीड ग्रॅम भरला तर १५०. फ्लूटचा तुकडा सरळ केल्यावर १३-१४ सेंटीमीटर लांब होतो, त्यामुळे त्यातून १० सेंटीमीटर कापून मगच तोलायचा. डिंकामुळे आणि ओलीमुळे पाच-सात टक्के इकडेतिकडे होतं, ते सोडून द्या. आमच्याकडे फ्लूट १.२ ग्रॅम भरला. फोन केला तर तो म्हणाला, "साहेब, या रेटमध्ये एवढंच बसतं, दीडशेचा फ्लूट हवा तर ४७ होईल." ४७ पोच, म्हणजे आता तो खरोखर स्पर्धेत आला! तेव्हा बाकी दोघांनाही शेवटचा रेट द्यायला एक दिवस दिला, आणि तिसऱ्याकडून वजन "७०० ग्रॅम, ५ टक्के कमी-जास्त" असं कोटेशनवर लिहून घेतलं. शेवटी ऑर्डर त्यालाच गेली.

जीएसटीचं एवढंच बघा, तुम्ही रेग्युलर असाल तर क्रेडिट मिळतं म्हणून तुलना कर सोडून करा, कंपोझिशनमध्ये असाल तर क्रेडिट नाही, मग कर धरून करा.

ऑर्डरवर कोटेशनचा नंबर आणि तारीख टाका, पाचही थरांचं स्पेसिफिकेशन आणि वजन परत लिहा, आणि पास झालेला सॅम्पल बॉक्स दोघांच्या सहीने ऑफिसात ठेवा. प्रत्येक लॉट आला की वेगवेगळ्या बंडलमधून दहा बॉक्स काढून काट्यावर घालायचे, गाडी उभी असतानाच.