धावणं कोडकडे, झेप क्लिपकडे
गेममधल्या पात्राचं अ‍ॅनिमेशन करताना सुरुवातीला चालणं-धावणं इन-प्लेसच ठेव, म्हणजे क्लिपमध्ये पात्र जागच्या जागी पावलं टाकतं आणि कोड त्याला पुढे ढकलतो. बटण सोडताच पात्र थांबायला हवं, म्हणून तिथे वेग कोडच्याच हातात बरा. पाय घसरताना दिसले तर क्लिपचा वेग तपास: पावलं सेकंदाला १.५ मीटरची आणि कोड ३ मीटरने ढकलतोय, तर घसरणारच. क्लिप दुप्पट वेगाने चालवता येते, पण ते विनोदी दिसतं. धावण्याची वेगळी क्लिप घे.

वार करत पुढे घेतलेली झेप मात्र रूट मोशनने कर, म्हणजे क्लिपमधली हालचालच पात्राला पुढे नेते. तिथे वेग क्षणाक्षणाला बदलतो, कोडने जुळवत बसणं वैताग आहे. फक्त तेवढा वेळ कोडचं ढकलणं बंद ठेव, नाहीतर दोन्ही अंतरांची बेरीज होते.

झेप संपताच पात्र मागे उडी मारतंय? मग क्लिपमधली हालचाल रूटऐवजी, म्हणजे सांगाड्याच्या मूळ हाडाऐवजी, कमरेच्या हाडावर आहे. मॉडेल पुढे जातं, पण कोलायडर, म्हणजे टक्कर ओळखणारा पात्राभोवतीचा अदृश्य आकार, जागीच राहतो आणि क्लिप संपली की मॉडेल त्याच्याकडे परत येतं.