आजींच्या मालिकेवर आलेला आळ

प्रश्न : ताई, मी घरून काम करते, मुलीचे ऑनलाइन क्लास असतात आणि संध्याकाळी सासऱ्यांना टीव्हीवर चित्रपट पाहायचे असतात. एकाचे सुरू झाले की दुसऱ्याचे अडते आणि रोज खटके उडतात. घरच्या ग्रुपवर नियमांचा एक छोटा संदेश टाकावा म्हणते, पण तो हुकूम वाटायला नको. काय लिहू? (एक वाचक, घणसोली)

उत्तर : लिहायला बसण्यापूर्वी कोपरखैरण्यातील एका कुटुंबाची हकीकत वाचावी. त्यांच्या संमतीने ती सांगत आहे आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

घरात चार माणसे होती. सून एका सॉफ्टवेअर कंपनीत होती आणि तिची रोजची मुख्य मीटिंग न्यूयॉर्कच्या सकाळी ९ वाजता, म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी ७.३० वाजता सुरू होत असे. मुलगा दहावीत, त्याचा क्लास ५ ते ७. नवरा बांधकामाच्या साइटवर अभियंता, तो साधारण पावणेआठला घरी पोहोचायचा. सासूबाई ८ वाजता टीव्हीवर नेटवरून आपली मालिका लावायच्या. मीटिंगमध्ये आवाज तुटू लागायचा तोही ८ च्या सुमारासच, त्यामुळे दोष कोणाचा हे सगळ्यांनी मनात ठरवून टाकले होते. एके दिवशी सुनेने ग्रुपवर लिहिले, "उद्यापासून संध्याकाळी ७ ते १० टीव्हीवर नेट लावू नये. ऑफिसचे काम आहे." सासूबाईंनी उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या ८ वाजता टीव्ही बंद करून गॅलरीत जाऊन बसू लागल्या आणि जेवणाच्या वेळी बोलेनाशा झाल्या. तीन आठवड्यांनी सून माझ्याकडे आली, तेव्हा तिचे पहिलेच वाक्य होते, "आणि एवढे करूनही आवाज तुटतोच."

याच वाक्यापाशी मी थांबले. तिला विचारले की समोरच्यांचे बोलणे तुटते, की तुमचे बोलणे त्यांना तुटक ऐकू येते? ती म्हणाली, "मला सगळे स्पष्ट ऐकू येते, त्यांनाच माझे नीट ऐकू येत नाही." मी तंत्रज्ञ नाही, परंतु घरातल्या इंटरनेटवरून होणारी इतकी भांडणे ऐकली आहेत की या फरकाचा अर्थ मला कळतो. टीव्ही बाहेरून घरात माहिती खेचतो; घरातून बाहेर तो जवळजवळ काहीच पाठवत नाही. आपला आवाज समोर पोहोचत नसेल, तर घरातून बाहेर जाणारी वाट कोणीतरी अडवलेली असते. मालिका त्यात बसत नव्हती.

मी त्यांना चार दिवस एक कागद फ्रिजवर लावायला सांगितला. मीटिंग अडली की वेळ लिहायची आणि त्या क्षणी घरातला प्रत्येक जण काय करत होता तेही लिहायचे. मत लिहायचे नाही. चौथ्या दिवशी कागद माझ्यासमोर आला, तेव्हा चारही नोंदी ७.४५ ते ८.३० या वेळेतल्या होत्या, चारही दिवशी टीव्ही बंद होता आणि चारही नोंदींत एक ओळ समान होती : "बाबा आले, मोबाइल चार्जिंगला." नवरा दिवसभर साइटवरच्या कामाचे व्हिडिओ घेत असे. घरी येताच मोबाइल वाय-फायला जोडला जाई आणि त्या व्हिडिओंचा बॅकअप आपोआप सुरू होई. दहा-पंधरा मिनिटांचे चांगल्या प्रतीचे चित्रण सहज दीड-दोन जीबी भरते आणि ते सगळे नेमके त्याच वेळी घरातून बाहेर निघालेले असे. त्याच्या मनात काहीच वाईट नव्हते. मोबाइल असे काही करतो हेच त्याला ठाऊक नव्हते.

हिशेबही आम्ही बसून मांडला, कारण तो मांडल्याशिवाय मनातला राग उतरत नाही. त्यांची जोडणी ४० एमबीपीएसची होती. एचडी मालिकेला सुमारे ५ लागतात, मीटिंगला आणि क्लासला प्रत्येकी साधारण ३. सगळे एकाच वेळी चालले तरी बेरीज ११ होते. मात्र राउटर दिवाणखान्यात टीव्हीच्या मागे कोंबलेला होता आणि सून दोन भिंतींपलीकडे बेडरूममध्ये बसत असे; तिथे दारावर मोजल्यास ९-१० पेक्षा जास्त येत नव्हते. राउटर टीव्हीच्या मागून काढून उघड्या मांडणीवर ठेवला आणि तिच्या लॅपटॉपला केबल ओढली. एवढे झाल्यावर मग संदेशाकडे वळलो.

संदेश सुनेने एकटीने लिहायचा नाही, ही माझी अट होती. रविवारी दुपारी चौघे बसले, प्रत्येकाने स्वतःची वेळ स्वतः सांगितली आणि टंकन मुलाने केले. तो असा :

"सोमवार ते शुक्रवार. ५ ते ७ क्लास, ७.३० ते ९ आईची मीटिंग, ८ ते ९ आजीची मालिका. या तिन्ही गोष्टी ठरलेल्या आहेत, कोणी कोणाला बंद करायला सांगणार नाही. बाबांचा बॅकअप आणि गेमचे अपडेट रात्री ११ नंतर. मीटिंग अडली तर आई आधी स्वतःचा कॅमेरा बंद करील, मग विचारील. शनिवार-रविवारी नियम नाही. १५ दिवसांनी पुन्हा बोलू."

यातले "आई आधी स्वतःचा कॅमेरा बंद करील" हे वाक्य मला सर्वांत मोलाचे वाटते. ज्याच्या कामासाठी नियम होतो त्यानेच पहिली झळ सोसायची असे त्यात लिहिले गेले आणि सासूबाईंनी मान वर केली ती ते वाक्य वाचल्यावरच. मालिकेची वेळ कामाच्या आणि क्लासच्या रांगेत लिहिली गेली, यालाही तेवढाच अर्थ होता. सत्तरीतल्या बाईचा दिवसातला एक तास हा उरलेल्या इंटरनेटवर भागवायची गोष्ट नाही.

हे सुरळीत चालले ते मार्चपर्यंत. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेतील घड्याळे एक तास पुढे जातात, त्यामुळे तीच मीटिंग आपल्याकडे ६.३० वाजता सुरू झाली आणि मुलाच्या क्लासचा शेवटचा अर्धा तास तिच्यावर आला. पुन्हा चिडचिड सुरू झाली, पण या वेळी त्यांनी आधी कागद लावला. कागदावरून दिसले की नेट कुठेच अडत नव्हते. एकाच बेडरूममध्ये दोघे मोठ्याने बोलत होते, हीच खरी अडचण होती. सासूबाईंनी स्वतःच सुचवले की तो अर्धा तास मुलाने दिवाणखान्यात बसावे, तोवर त्या टीव्ही लावणार नाहीत.

तुमच्या घरी सासरे चित्रपट पाहतात म्हणून आधी त्यांची वेळ मोजावी, पण दोषी धरून नव्हे. त्यांचा टीव्ही फोरके असेल तर चित्रपट एकट्यानेच १५ एमबीपीएस मागू शकतो. तसे असल्यास ॲपमध्ये दर्जा एचडीवर आणावा आणि ते करण्याआधी त्यांना दोन्ही चित्रे शेजारी दाखवून पसंत आहे का ते विचारावे. तुमचे बोलणे तुटते की समोरच्यांचे, ते लिहून ठेवावे. सकाळी सगळे मोबाइल बंद असताना, केबल लावूनही नेट अडत असेल तर घरातल्या कोणाकडेच बोट दाखवण्यासारखे काही नाही. मग त्या चार दिवसांच्या नोंदी घेऊन इंटरनेट देणाऱ्या कंपनीकडे लेखी तक्रार करावी.