घड्याळाची किंमत विचारलीत, पण आधी तो चेक

*माझ्याकडे लाँजिनचं हायड्रोकॉन्क्वेस्ट ऑटोमॅटिक घड्याळ आहे. २०२१ मध्ये १ लाख ४० हजारांना घेतलं. दुकानात सांगितलं होतं की स्विस घड्याळ म्हणजे गुंतवणूक, किंमत वाढतच जाते. आता पैशांची गरज आहे म्हणून ऑनलाइन जाहिरात टाकली. ठाण्यातला एक घड्याळवाला फक्त ७५ हजार देतो, सरळ लूट आहे. पण एका गृहस्थांनी १ लाख ४५ हजार घासाघीस न करता मान्य केलेत. ते सैन्यात आहेत, पोस्टिंग जम्मूला, ओळखपत्राचा फोटोही पाठवलाय. पुढच्या आठवड्यात ते माझ्या खात्यात १ लाख ७० हजारांचा चेक भरणार आहेत. त्यातले २५ हजार मी घड्याळ न्यायला येणाऱ्या एजंटला यूपीआयने द्यायचे. माझा प्रश्न एवढाच: १ लाख ४५ हजार ठीक आहेत की आणखी मागावेत?*
*— एक वाचक, कोपरखैरणे*

आणखी मागू नका, कारण हा ग्राहकच नाही. घड्याळाची किंमत खाली सांगतो. त्याआधी एजंटला एक रुपयाही पाठवू नका आणि घड्याळ कोणाच्याही हाती देऊ नका.

हा जास्त रकमेच्या चेकचा जुना डाव आहे. तुमच्या पत्रात त्याच्या तिन्ही खुणा आहेत. ग्राहकाने घड्याळाबद्दल काहीच विचारलेलं नाही. दीड लाखाचं जुनं घड्याळ घेणारा माणूस निदान वॉरंटी कार्ड आहे का, सर्व्हिसिंग कधी झालं, पट्ट्याच्या सगळ्या कड्या आहेत का, एवढं विचारतोच. दुसरी खूण म्हणजे तो किमतीपेक्षा जास्त पैसे देतोय आणि वरचे पैसे तुमच्या हातून तिसऱ्याला द्यायला लावतोय. ज्याला एजंटचे २५ हजार द्यायचे असतात, तो ते थेट एजंटला देतो. तिसरी खूण ओळखपत्र. असे फोटो बहुतेकदा खऱ्या माणसाचे, दुसरीकडून चोरलेले असतात. जवानाचा गणवेश पाहून आपण प्रश्न विचारायला संकोचतो, आणि ठगाला तेच हवं असतं.

पुढे काय होतं ते नीट समजून घ्या. चेक भरला की तुम्हाला रकमेचा मेसेज येतो, आणि काही बँकांच्या ॲपमध्ये ती रक्कम शिल्लकेतही दिसते. पण चेक वटेपर्यंत ते पैसे तुमचे नसतात. ॲपमध्ये 'उपलब्ध शिल्लक' वेगळी दाखवतात, पाहायची ती. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक दिवसभर सतत क्लिअरिंगला जातात आणि पूर्वीपेक्षा लवकर वटतात किंवा परत जातात. त्यामुळे ठगाकडेही वेळ कमी असतो. तो सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी चेक भरतो आणि एजंट तासाभरात दारात उभा राहतो. सही जुळत नाही किंवा चेकबुक चोरीचं आहे म्हणून चेक परत जातो, तोवर तुमचे २५ हजार गेलेले असतात आणि घड्याळही. घड्याळ आजच्या बाजारात साधारण ९० हजारांचं धरलं, तरी नुकसान १ लाख १५ हजारांचं.

चेक खरोखर वटला तरी तुम्ही सुटलात असं नाही. तो चेक किंवा ती रक्कम दुसऱ्या फसवल्या गेलेल्या माणसाची असू शकते. त्याने सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली की पैशाचा माग तुमच्या खात्यापर्यंत येतो आणि बँक तेवढी रक्कम, कधी पूर्ण खातंच, गोठवते. मग घड्याळ कोणाला आणि का विकलं, हे पोलिसांना पटवत बसायचं तुम्ही. म्हणून पैसे आले एवढं पुरत नाही. ते समोर बसलेल्या माणसाच्या स्वतःच्या खात्यातूनच यायला हवेत. 'भावाच्या खात्यातून पाठवतो' म्हणाला तर व्यवहार थांबवा.

खाते क्रमांक आणि आयएफएससी तुम्ही त्या 'सैन्यातल्या' गृहस्थाला दिलाच असणार. तेवढ्यावर कोणी पैसे काढू शकत नाही. पण तुमच्या खात्यात अनोळखी रक्कम आली आणि 'चुकून जास्त गेले, या नंबरवर परत करा' असा फोन आला, तर स्वतःहून काहीही परत पाठवू नका. व्यवहाराचा क्रमांक देऊन शाखेला लेखी कळवा आणि रक्कम जिथून आली तिथेच बँकेमार्फत जाऊ द्या. त्याचे मेसेज आणि नंबर जपून ठेवा आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा.

आता किंमत. गुंतवणुकीची गोष्ट डोक्यातून काढून टाका. ती विकणाऱ्याने विक्रीसाठी सांगितली, आणि अशा थापा मारून माल खपवणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे. किंमत टिकते किंवा वाढते ती दुकानात सहज न मिळणाऱ्या मोजक्या मॉडेलांची. तुमचं मॉडेल शोरूममध्ये सरळ विकत मिळतं. नवीन सहज मिळत असताना जुन्यासाठी नव्याच्या जवळचे पैसे कोणी मोजत नाही. तुम्ही किती दिले होते, याचाही ग्राहकाशी संबंध नाही.

हिशेब असा करा. तुमच्याच मॉडेलची, तेवढ्याच मापाची, बॉक्स आणि कार्डासह असलेली पाच-सहा जुनी घड्याळं काय किमतीला लागली आहेत ते पाहा. समजा १ लाख ५ हजार ते १ लाख २५ हजार दिसले. हे मागितलेले भाव आहेत, मिळालेले नव्हेत. मधला १ लाख १५ हजार धरा, घासाघिशीचे दहा टक्के कमी करा, राहिले सुमारे १ लाख ३ हजार. पाच वर्षं झालेल्या ऑटोमॅटिकचं सर्व्हिसिंग जवळ आलेलं असतं. अधिकृत सेंटरकडून त्याचा लेखी अंदाज घ्या. तो २५ हजार निघाला, तर ग्राहक त्यातले निम्मे तरी तुमच्याकडून कापणार. उरले ९० हजार आणि थोडे. म्हणून जाहिरातीत ९९ हजार लिहा आणि ९० ते ९५ मध्ये व्यवहार झाला तर रास्त समजा.

याच हिशेबाने ठाण्यातला दुकानदार लुटत नाहीये. तो ७५ ला घेईल, स्वतःच्या कारागिराकडून दहा-बारा हजारांत सर्व्हिसिंग करेल, काही महिन्यांची हमी देईल आणि विकलं जाईपर्यंत पैसे अडकवून ठेवेल. त्याच्याकडे उरतात पंधरा हजारांच्या आसपास. तुम्ही स्वतः विकायची मेहनत घेणार, तर ते पंधरा-वीस हजार तुमचे.

विकण्याआधी सर्व्हिसिंग करू नका, खर्च पूर्ण वसूल होत नाही. पॉलिश तर अजिबात नको. पॉलिशने ओरखडे जातात, पण घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या भागाच्या, म्हणजे केसच्या, कडाही झिजून गोल होतात, आणि जाणकार ग्राहक नेमक्या त्याच कडा पाहून भाव पाडतो.

घड्याळाच्या अवस्थेची नोंद मात्र नीट करा, कारण 'तुम्ही सांगितलं तसं नव्हतं' हे भांडण तिथेच मिटतं. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता फोटो काढा: डायल समोरून, काच तिरक्या कोनातून म्हणजे ओरखडे दिसतील, काचेभोवतीची कडी म्हणजे बेझल, केसच्या दोन्ही बाजू, चावी, मागचं झाकण, बकलची आतली बाजू आणि पूर्ण उलगडलेला पट्टा. काढून ठेवलेल्या कड्या शेजारी मांडा. कड्या नसतील तर जाड मनगटाचा ग्राहक येणारच नाही. एका फोटोत तारीख लिहिलेला कागद ठेवा. सीरियल नंबरचे शेवटचे आकडे जाहिरातीत झाका, नाहीतर तुमचेच फोटो वापरून दुसरा कोणी घड्याळ विकायला काढेल. प्रत्येक खूण शब्दांतही लिहा: 'बकलवर बारीक ओरखडे, बेझलवर चारच्या जागेजवळ एक टोचा.'

वेळेची चाचणी घरीच होते. फोनच्या घड्याळाशी सेकंद जुळवा, रोज हातात घाला आणि तीन दिवसांनी फरक पाहून तीनने भागा. दिवसाला पाच-दहा सेकंदांचा फरक ऑटोमॅटिकमध्ये चालून जातो. मिनिटभर निघाला तर काहीतरी बिघडलंय, आणि ते लपवू नका. घड्याळवाल्याकडे टाइमग्राफर, म्हणजे टिकटिक ऐकून घड्याळाची चाल मोजणारं यंत्र, असेल तर त्याच्या पडद्याचा फोटो घ्या. बीट रेट, म्हणजे तासाला पडणारे ठोके, टाइमग्राफर आपोआप ओळखतो, या मॉडेलच्या आतल्या एल८८८ मशीनसाठी तो २५,२०० यायला हवा. डायल वर ठेवून ॲम्प्लिट्यूड, म्हणजे आतलं झुलतं चक्र किती अंशांत फिरतं ते, २७० अंशांच्या वर असेल तर घड्याळाचं मशीन तंदुरुस्त. २२० च्या खाली असेल तर सर्व्हिसिंग लांबवता येणार नाही, मग वरच्या हिशेबात पूर्ण २५ हजार कापा. झाकणावर ३०० मीटर लिहिलंय म्हणून जलरोधकतेची हमी देऊ नका. आतली रबरी सील वयाबरोबर कडक होतात. 'पाण्याची चाचणी केलेली नाही' असंच लिहा.

व्यवहार समोरासमोर, बँकेच्या शाखेत, कामाच्या दिवशी सकाळी करा. तुम्हाला वाशीचं सेक्टर १७ सोयीचं पडेल, तिथे बँका भरपूर आहेत. ग्राहकाला आदल्या दिवशीच तुमचं खातं त्याच्या नेटबँकिंगमध्ये जोडायला सांगा. नव्याने जोडलेल्या खात्यावर पहिले काही तास बऱ्याच बँका कमी मर्यादा ठेवतात, आणि मग ऐनवेळी 'पन्नास आत्ता, बाकी उद्या' असं सुरू होतं. यूपीआयने पाठवणार असेल तर एका दिवसाची मर्यादा साधारण १ लाख आहे, आणि त्यातले आज आधीच खर्च झालेले असू शकतात.

आधी एक रुपया मागवा आणि पाठवणाऱ्याचं नाव त्याच्या ओळखपत्राशी जुळवा. मग बाकीची रक्कम. त्याच्या फोनवरची हिरवी खूण, स्क्रीनशॉट, 'क्रेडिटेड' असा मेसेज, यातलं काहीही पुरावा नाही. हुबेहूब दिसणारी खोटी ॲप मिळतात आणि मेसेज कोणीही टाइप करून पाठवू शकतो. तुमच्या बँकेचं ॲप तुम्ही उघडा आणि पासबुकात नोंद पाहा. सर्व्हर डाउन आहे म्हणाला तर चहा घ्या, थांबा, घड्याळ खिशातच राहू द्या. पैसे घेण्यासाठी क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. यूपीआयवर व्यक्तीने व्यक्तीकडे पैसे मागायची कलेक्ट रिक्वेस्ट १ ऑक्टोबर २०२५ पासून बंदच झाली आहे, तेव्हा 'रिक्वेस्ट स्वीकारा' म्हणणाऱ्याशी पुढे बोलूच नका.

पैसे खात्यात दिसले की साध्या कागदावर दोन प्रतींत पावती करा. दोघांची नावं आणि पत्ते, मॉडेल, पूर्ण सीरियल नंबर, लिहिलेल्या खुणा, रक्कम, व्यवहाराचा क्रमांक, 'पाहून, तपासून, आहे त्या स्थितीत घेतलं' हे वाक्य आणि दोघांच्या सह्या. आधारची प्रत द्यायची झाली तर पहिले आठ आकडे झाकलेली द्या. स्वतः वापरलेलं स्टीलचं घड्याळ वैयक्तिक वापराची वस्तू मानली जाते, त्यामुळे या विक्रीवर भांडवली नफ्याचा प्रश्न येत नाही. इथे तर तोटाच आहे.

चार आठवड्यांत गंभीर ग्राहक आला नाही तर ९९ चे ९४ करा, आणखी दोन आठवड्यांनी ८९. ८५ च्या खाली बोली येऊ लागली, तर सर्व्हिसिंगचा लेखी अंदाज घेऊन ठाण्यातल्या दुकानदाराकडे परत जा आणि ८० मागा. तो ७८ ला तयार झाला तर देऊन टाका.