पहिल्यांदा माईकसमोर उभं राहणाऱ्या माणसाला अख्खं भाषणच लिहून द्या

प्रश्न: माझी आई पुढच्या महिन्यात नोकरीतून निवृत्त होतेय. सत्काराला उत्तर म्हणून तिला पाच-सात मिनिटं बोलायचंय. आयुष्यात कधी स्टेजवर बोललेली नाही. पूर्ण भाषण लिहून देऊ, छोटी कार्डं करू की नुसते मुद्दे काढून देऊ?

उत्तर:

पूर्ण भाषण लिहून द्या. घरात कुणी "बघून वाचलं तर लोक काय म्हणतील" असं म्हणालं, तर त्यांचं ऐकू नका. एवढं ठासून सांगतोय, कारण याच प्रश्नावरून आमच्या दाजींशी झालेला वाद अजून मिटलेला नाही.

माझी ताई सरकारी रुग्णालयात परिचारिका होती. तिची जन्मतारीख गुरुजींनी शाळेत घालताना लावलेली, १ जून. म्हणजे सेवापूर्ती ३१ मे. आणि १ जूनवाले प्रत्येक खात्यात असतात, त्यामुळे त्या दिवशी तिच्याबरोबर आणखीही निवृत्त होणारे होते. एकाच हॉलमध्ये सगळ्यांचा एकत्र सत्कार आणि प्रत्येकाला बोलायला सात मिनिटं.

दाजींनी कॉलेजात असताना वक्तृत्व स्पर्धांच्या फिरत्या ढाली आणलेल्या आहेत. त्यांचं म्हणणं, हातात कागद दिसला की वक्ता कच्चा. त्यांनी ताईला एका चिठ्ठीवर चार शब्द लिहून दिले: "रुजू, सहकारी, कुटुंब, आभार." म्हणाले, एवढं पुरे, बाकीचं आपोआप सुचतं.

आदल्या संध्याकाळी ताईने स्वयंपाकघरात ओट्याला टेकून बोलून बघितलं. "मी अमुक साली रुजू झाले" इथपर्यंत गाडी गेली आणि थांबली. चिठ्ठीत पुढचा शब्द "सहकारी". पण सहकाऱ्यांबद्दल नेमकं काय? कुणापासून सुरू करायचं? "आम्ही सगळ्या मिळून-मिसळून राहिलो" असं एक वाक्य कसंबसं आलं. ज्या बाईने तासन्तास रात्रपाळीचे किस्से आम्हाला जेवताना सांगितलेत, तिच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं असं नाही. एका शब्दावरून उभ्याउभ्या वाक्य घडवायचं ही वेगळी सवय आहे, ती दाजींना आहे, ताईला नाही. नुसते मुद्दे त्याच माणसाला चालतात ज्याने ती गोष्ट त्याच क्रमाने आधी बऱ्याचदा सांगितलेली असते.

शिवाय ताई रडणार हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. माझा सगळा निर्णय खरं तर या एका गोष्टीवर झाला. गळा दाटून आला की पहिल्यांदा जातं ते वाक्य जुळवण्याचं बळ. समोरचा मजकूर वाचणं मात्र बऱ्यापैकी शाबूत राहतं. पूर्ण लिहिलेलं असलं की माणूस थांबतो, डोळे पुसतो, बोट ठेवलेली ओळ पुन्हा शोधतो आणि पुढे जातो.

मी त्या रात्री ताईला बोलतं केलं, मोबाइलवर रेकॉर्ड केलं आणि तिच्याच तोंडची वाक्यं कागदावर उतरवली. हे महत्त्वाचं आहे. पूर्ण भाषण लोकांना कंटाळवाणं वाटतं ते वाचण्यामुळे नाही, पुस्तकी मराठीमुळे. "मला येथे सेवा करण्याची संधी प्राप्त झाली" असं लिहिलंत तर तुमची आई ते परक्याचं पत्र वाचल्यासारखं वाचेल. ती घरी "केलं", "गेलं", "मिळालं" म्हणते ना, तसंच लिहा. मग तिला मोठ्याने वाचायला लावा. ज्या शब्दाला ती अडखळेल तो शब्द काढायचा, तिला त्याचा सराव करायला लावायचा नाही.

लांबीचं म्हणाल तर सभेत सावकाश वाचताना मिनिटाला शंभरएक शब्द होतात. सात मिनिटं मिळाली असतील तर सहाशे शब्दांवर थांबा, कारण टाळ्या, थांबणं, डोळे पुसणं यालाही वेळ जातो.

कागदावर मजकूर कसा मांडला तेही सांगतो. अक्षर मोठं, १८ पॉइंटचं. कागदाच्या एकाच बाजूला मजकूर आणि तोही वरच्या दोन-तृतीयांश भागातच. खालपर्यंत लिहिलं तर वाचताना हनुवटी छातीला टेकते आणि आवाज माईकखाली जातो. वाक्य एका पानावरून दुसऱ्यावर न्यायचं नाही. पानांना स्टेपल मारायची नाही, फक्त वर ठळक आकडे. वाचून झालेलं पान उलटायचं नाही, बाजूला सरकवायचं. उलटलं की फडफड माईकमध्ये ऐकू येते. आणि ओळ श्वासाप्रमाणे तोडायची. ताईच्या कागदावर हे असं होतं:

रात्रपाळीला निघताना
मुलगी झोपलेली असायची.
सकाळी घरी यायचे
तेव्हा ती शाळेत गेलेली असायची.
तिची वेणी
तिच्या आजीनं घातली.

ओळी अशा तोडल्या की मान वर करून परत खाली बघितल्यावर डोळ्याला जागा सापडते. मान वर करायची ती वाक्याच्या शेवटी. आपल्याकडे क्रियापद शेवटी येतं, म्हणून "घातली" हा शब्द लोकांकडे बघून म्हटला की अख्खं वाक्य त्यांना सांगितल्यासारखं होतं. बहुतेक जण उलट करतात: सुरुवातीला वर बघतात आणि शेवट कागदात पुटपुटतात.

वेणीच्या वाक्याला ती थांबणार हे मी धरून चाललो होतो. म्हणून ते पानाच्या शेवटी येऊ दिलं नाही. रडता रडता पान सरकवणं नको. आणि त्याच्या लगेच खाली साधं, कोरडं वाक्य ठेवलं: "आता काही जणांची नावं घेते." पुढे वॉर्डातल्या मावशी, मामा, सिस्टर यांची नावं. नावं वाचताना आवाज आपोआप जागेवर येतो, कारण त्यात भावना जुळवाव्या लागत नाहीत.

प्रत्यक्षात तसंच झालं. वेणीपाशी ताई थांबली, हॉलही थांबला, मग तिने बोटाने ओळ शोधली आणि नावं वाचली. एकही नाव सुटलं नाही. सफाई करणाऱ्या मावशींचं नाव आलं तेव्हा त्या शेवटच्या रांगेत उभ्या राहिल्या. दाजीही त्या दिवशी बोलले, कुटुंबीयांच्या वतीने, कागदाशिवाय. बोलले छान, पण दिलेल्या वेळेच्या कितीतरी पुढे गेले आणि ज्या मेट्रनबाईंनी ताईची शेवटची बदली थांबवायला धडपड केली होती त्यांचं नाव घ्यायचं राहिलं. त्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या. नुसत्या मुद्द्यांवर बोलणाऱ्याचे हे दोन ठरलेले धोके आहेत, वेळ आणि नावं, आणि जितकं बोलणं ओघवतं तितका पहिला धोका मोठा.

दाजी अजूनही म्हणतात, "वाचून दाखवलं, भाषण कुठे केलं?" शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत पाठांतराला गुण असतात हे खरं, पण निवृत्त होणाऱ्या बाईला कुणी गुण देत नसतं. आणि वाचणं कमीपणाचं असतं तर अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षांचं भाषण आधी छापून ठेवण्याची प्रथा पडली नसती. राज्यपालांचं अभिभाषण वाचलं जातं, अर्थसंकल्पही वाचला जातो. चर्चिल तरुणपणी भाषण पाठ करून जायचे. २२ एप्रिल १९०४ रोजी ब्रिटिश संसदेत बोलता बोलता त्यांचं पुढचं वाक्यच गेलं, शोधूनही सापडेना, आणि ते खाली बसले. त्यानंतर ते जवळजवळ पूर्ण भाषण लिहून सोबत नेऊ लागले आणि तेही कवितेसारख्या तोडलेल्या ओळींत. जगातल्या नावाजलेल्या वक्त्याला कागद चालतो, मग माझ्या ताईला का नको?

आता कार्डांबद्दल. मी गावात सूत्रसंचालन करतो आणि स्वतः कार्डंच वापरतो. जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू पोस्टकार्डाएवढी कापतो, एका कार्डावर एकच बाब: पाहुण्यांचं नाव, पद, कुणाच्या हस्ते काय. पाहुणे उशिरा आले की ते कार्ड खाली सरकवायचं, बाकीचा क्रम मोडत नाही. कार्डांचा खरा उपयोग हाच, कार्यक्रम ऐन वेळी बदलतो तिथे. तुमच्या आईचं भाषण ऐन वेळी बदलणार नाही.

अर्थात एक-दोन गोष्टी आधी बघून घ्या. तिथे पोडियम आहे का? नसेल आणि हातात माईक देणार असतील, तर एका हातात माईक धरून मोठी पानं सांभाळता येत नाहीत. अशा वेळी तेच पूर्ण भाषण कार्डांवर उतरवा, दर कार्डावर तीन-चार वाक्यं, आणि कोपऱ्याला भोक पाडून दोऱ्याने बांधा. आईला वाचायची सवय कमी असेल, अक्षरं लावत वाचत असेल, तर मात्र माझा सगळा सल्ला बाजूला ठेवा. तिला दोनच किस्से घरी रोज सांगायला लावा आणि कार्डावर प्रत्येक किस्स्याचं पहिलं वाक्य पूर्ण लिहून द्या, एकटा शब्द नको. शेवटी आभाराची नावं.

चष्मा दुहेरी असेल तर पोडियमवरचा कागद पुस्तकापेक्षा लांब राहतो आणि जवळच्या काचेतून धूसर दिसतो. घरी उभं राहून, कागद कमरेच्या वर ठेवून वाचून बघा. अडलं तर अक्षर २२ पॉइंटपर्यंत वाढवा. मोबाइलवरून वाचायला देऊ नका, स्क्रीन मध्येच विझते आणि नेमका तेव्हाच कुणाचा तरी फोन येतो. मे महिन्यातला कार्यक्रम असेल तर डोक्यावर पंखा असणारच, त्यामुळे साधा पातळ कागद न घेता जाड घ्या आणि वर ठेवायला काहीतरी वजन न्या. आणि भाषणाची दुसरी प्रत सूत्रसंचालकाकडे आधीच देऊन ठेवा.