कुर्ल्याचा कोड CLA कसा?

प्रश्न : ‘कुर्ला स्टेशनचा कोड CLA आहे. नावात सी कुठेच नाही, मग हा कोड आला कुठून? असे कोड ठरवतात तरी कसे?’

नाव आज जसं लिहितात तसं कोडशी ताडून पाहिलं, की घोटाळा होतो. इंग्रजांच्या कारकिर्दीत ‘क’ हा उच्चार बरेचदा सी ने लिहीत. त्यांनी कुर्ल्याचं स्पेलिंग सी-ओ-ओ-आर-एल-ए असं केलं होतं. त्यातलं पहिलं अक्षर आणि शेवटची दोन अक्षरं उचलली की CLA. पुढे स्पेलिंग के वर आलं, फलक बदलले, पण कोड जुन्या स्पेलिंगचाच राहिला. कानपूरचा CNB आणि कोळिकोडचा CLT यांतला सी असाच आला आहे. कोळिकोडला तेव्हा कालिकत म्हणत.

कोडची खरी गरज तारायंत्रामुळे पडली. गाडी सुटल्याची वर्दी पुढच्या स्टेशनला मोर्समध्ये एकेक अक्षर ठोकून द्यावी लागे, त्यामुळे अक्षरं जितकी कमी तितकं काम हलकं. जालना आजही नुसता J, गोंदिया G आणि रायपूर R आहे. पण एकच कोड दोन स्टेशनांना देता येत नाही, आणि एकेरी अक्षरं सव्वीसच. म्हणून नावातली ठळक व्यंजनं घेऊन दोन, तीन, चार अक्षरं जुळवायची, आणि ती आधीच कुणाकडे असतील तर दुसरी शोधायची. सुरतेला ST, साताऱ्याला STR आणि सोलापूरला SUR आहे. आद्याक्षर सारखं असलं की उरलेल्या अक्षरांवर भागवावं लागतं, हे इथे नीट दिसतं.

शिवाय कोड गावाचा नसून स्टेशनचा असतो. मध्य रेल्वेचं दादर DR आणि पश्चिम रेल्वेचं दादर DDR. मधे फक्त एक पूल, पण रेल्वेच्या लेखी ती दोन वेगळी स्टेशनं आहेत.

त्यामुळे कोड विचित्र वाटला, तर आधी गावाचं जुनं नाव आणि स्पेलिंग शोधावं. वडोदऱ्याचा BRC बडोद्यातून आला, चेन्नई सेंट्रलचा MAS मद्रासमधून. अर्थात नाव बदललं की कोडही बदलेलच, असा नेम नाही. कोल्हापूरच्या स्टेशनला छत्रपती शाहू महाराजांचं नाव मिळालं, तरी कोड KOP च आहे. उलट मुंबई सेंट्रलचा BCT जाऊन MMCT झाला आणि अलाहाबादचा ALD जाऊन प्रयागराजला PRYJ मिळाला. मला स्वतःला जुने कोड टिकलेले आवडतात. CLA गेला, तर कुर्ल्याचं ते जुनं स्पेलिंग रोजच्या वापरातून पुसलं जाईल.