डिडक्टिबल हा उंबरठा, को-पे हा वाटा

प्रश्न : आईबाबांसाठी पहिल्यांदाच आरोग्य विमा घेतोय. ५ लाखांच्या पॉलिसीवर एजंट म्हणाला, "२५ हजार डिडक्टिबल आणि २० टक्के को-पे." मराठी पत्रकात त्यांना 'वजावट' आणि 'सह-देयक' म्हटलंय. म्हणजे ५ लाखांतून २५ हजार आधीच वजा होतात का? की दोन्ही शब्द एकाच गोष्टीचे आहेत? (कोथरूड, पुणे)

उत्तर : घोळ 'वजावट' या शब्दाने घातला आहे. वजा करायचं म्हटलं की कशातून, हा प्रश्न येतोच, आणि पत्रकात ५ लाखांचा आकडा सगळ्यात मोठ्या अक्षरात छापलेला असल्यामुळे डोळा तिकडेच जातो. त्यात हाच शब्द आयकराने आधीच अडवून ठेवलाय. विम्याच्या हप्त्यावर 'वजावट मिळते' असं आपण ८०डीबद्दल म्हणतो, म्हणजे तिथे वजावट हा फायदा असतो. इथे ती खिशातून जाते. एकाच कागदावर एक शब्द दोन उलट अर्थांनी आला तर वाचणाऱ्याचा दोष नाही.

विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, या दोन्ही शब्दांच्या प्रमाण व्याख्या ठरवून दिल्या आहेत, आणि दोन्हींत एक वाक्य सारखं आहे : याने विमा रक्कम कमी होत नाही. तुमचे ५ लाख ५ लाखच राहतात. वजा होतं ते प्रत्यक्ष दाव्यातून.

आता फरक. आमच्या आजोबांची पुरंदरकडे थोडी जमीन होती. ती कसायला देताना दोन रीती होत्या. खंडाने दिली तर ठरलेला आकडा, मग पीक येवो न येवो. बटईने दिली तर जे पिकेल त्यातला हिस्सा. डिडक्टिबल खंडासारखं आहे, रुपयांत ठरलेलं. को-पे बटईसारखा आहे, टक्क्यांत ठरलेला, त्यामुळे बिल फुगलं की तुमचा हिस्साही फुगतो. उपमा एका जागी लंगडी पडते, ती अशी की दावा छोटा असेल तर डिडक्टिबलही तेवढ्यापुरतंच लागतं. तुम्हाला वरून काही भरावं लागत नाही.

एक उदाहरण घेऊ. आईचं ऑपरेशन झालं, हॉस्पिटलचं बिल १,९०,००० रुपये. त्यातले हातमोजे, नोंदणी शुल्क, सोबत राहणाऱ्याचं जेवण असे १०,००० रुपये कंपनीने मान्य केले नाहीत. मान्य दावा उरला १,८०,०००. त्यातून २५,००० डिडक्टिबल गेलं, राहिले १,५५,०००. त्याचे २० टक्के, म्हणजे ३१,००० तुमचा को-पे. कंपनी देणार १,२४,००० आणि तुमच्या खिशातून जाणार १०, २५ आणि ३१ हजार मिळून ६६,०००. विमा रकमेतून वापरले गेले ते कंपनीने दिलेले १,२४,०००च. वर्षाच्या उरलेल्या काळासाठी ३,७६,००० शिल्लक राहतात.

हा हिशेब उलट्या क्रमाने केला तर? आधी २० टक्के काढले की १,८०,०००चे १,४४,००० होतात आणि मग २५,००० गेले की हातात १,१९,००० पडतात. म्हणजे ५,००० कमी. कुठला क्रम लागू, हे पॉलिसीच्या अटींत लिहिलेलं असतं. एजंटला हा प्रश्न विचारा आणि उत्तर त्या ओळीवर बोट ठेवून द्यायला सांगा. (बहुतेकदा तो "तेच ते" म्हणतो. तेच ते नसतं, हे आपण आत्ताच पाहिलं.)

याहून मोठा फरक एका विशेषणाने पडतो, ते म्हणजे डिडक्टिबल 'प्रत्येक दाव्याला' की 'वार्षिक एकत्रित'. समजा त्याच वर्षी बाबांना डेंग्यू झाला, मान्य दावा ६०,०००, आणि पॉलिसी दोघांची मिळून एकच आहे. वार्षिक असेल तर २५,०००चा उंबरठा आईच्या वेळीच ओलांडला गेलाय. फक्त को-पेचे १२,००० जातील आणि कंपनी ४८,००० देईल. प्रत्येक दाव्याला असेल तर पुन्हा २५,००० जातात, उरलेल्या ३५,०००वर ७,००० को-पे, आणि हातात येतात २८,०००. वीस हजारांचा फरक, तोही पत्रकातल्या एका शब्दामुळे. वार्षिक प्रकारात आणखी एक गोष्ट लोक विसरतात. वर्षातला पहिला दावा १८,०००चा असेल तर कंपनी काहीच देत नाही, पण तो उंबरठ्याच्या हिशेबात धरला जावा म्हणून कागद द्यावे लागतात. "मिळणार नाही तर कशाला पाठवायचं" म्हणून बिलं फाइलमध्येच राहतात आणि पुढच्या दाव्याला पूर्ण २५,००० कापले जातात.

वर मी नकळत 'उंबरठा' लिहून गेलो, पण तोच शब्द मला योग्य वाटतो. तो ओलांडेपर्यंत कंपनी दारात येत नाही. नियामकाच्या व्याख्येतही डिडक्टिबल नेहमी रुपयांतच असतं असं नाही. रोज ठरावीक रक्कम देणाऱ्या हॉस्पिटल कॅश पॉलिसीत ते दिवसांत किंवा तासांत मोजतात. पहिला एक दिवस सोडून दुसऱ्यापासून पैसे सुरू, असं. दिवसाला 'वजावट रक्कम' कसं म्हणणार? उंबरठा मात्र दिवसांचाही असतो आणि रुपयांचाही. सुपर टॉप-अप पॉलिसीत तो ५ लाखांचाही असू शकतो, कारण तिथे खालचे ५ लाख दुसऱ्या पॉलिसीने किंवा तुम्ही भरायचे हे गृहीतच असतं.

'सह-देयक'बद्दल माझी तक्रार वेगळी आहे. देयक म्हणजे मराठीत बिल. वीज देयक, पाणी देयक. म्हणून सह-देयक वाचलं की बिलासोबत आलेलं दुसरं बिल वाटतं. 'रुग्णाचा वाटा' असं साधं लिहिलं असतं तर तुम्हाला विचारावंच लागलं नसतं. हा वाटा सगळीकडे सारखा नसतो. काही पॉलिसींत ठरावीक वयानंतर विमा घेतला तरच लागतो. काहींत तो शहराच्या गटानुसार लागतो : पुण्याच्या हप्त्याने घेतलेली पॉलिसी मुंबईच्या हॉस्पिटलात वापरली तर जादा टक्के. तुमचे आईबाबा मुंबईला बहिणीकडे जाऊन उपचार घेणार असतील तर हे आधीच पाहा.

आणि कॅशलेस म्हणजे बिनपैशाचं, असा समज असेल तर तोही सोडा. डिस्चार्जच्या वेळी उंबरठा आणि वाटा दोन्ही हॉस्पिटलच्या खिडकीवर रोखीने किंवा कार्डाने भरावे लागतात.

पॉलिसीसोबत ग्राहक माहिती पत्रक मिळतं, ते मराठीत मागता येतं. त्यात डिडक्टिबल आणि को-पे दोन्ही असतात. तिथला आकडा एजंटच्या तोंडच्या आकड्याशी जुळत नसेल, तर पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. हप्त्यातून तेवढ्या दिवसांचं विमासंरक्षण, वैद्यकीय तपासणी आणि मुद्रांकाचा खर्च कापून बाकीचे पैसे मिळतात.