कंस वाढवून नथ का येत नाही

> एआयने काढलेल्या चित्रात नऊवारीतल्या बाईच्या नाकात ठसठशीत नथ हवी आहे. `(((nath:1.8)))` लिहिलं तरी नथ येत नाही, चेहरा मात्र बिघडतो. मागची गर्दी कमी करायला `[crowd:0.3]` टाकलं, ते कधी चालतं, कधी नाही. लालबागच्या मंडळाचं काम आहे, हातात चारच दिवस आहेत. वजन अजून किती वाढवू?

वाढवू नका. आधी होती नव्हती ती सगळी वजनं काढून टाका.

`[crowd:0.3]` वाचलं आणि उत्तर लिहायला बसलो, कारण हीच ओळ मला एका शनिवार-रविवारच्या क्लासच्या पीडीएफमध्ये मिळाली होती आणि तिच्यापायी माझं दादरच्या एका साडीच्या दुकानाचं दिवाळी कॅटलॉगचं काम गेलं. सीड, स्टेप्स, सॅम्पलर हे तुम्हाला माहीत आहे असं धरून लिहितो. आणि हे सगळं स्टेबल डिफ्युजन १.५ आणि एसडीएक्सएल या चित्रं काढणाऱ्या मॉडेलांपुरतं. फ्लक्ससारख्या नव्या मॉडेलांत कंसांचा फारसा उपयोग होत नाही, तिथे सरळ वाक्यात वर्णन लिहावं लागतं.

पहिलं काम: तुम्ही वापरताय त्या साधनाला कंस कळतात का, ते बघा. सीड पक्का करा, बाकी काही हलवू नका आणि दोन चित्रं काढा. एकात साधं `pearl nose ring`, दुसऱ्यात `(pearl nose ring:1.0)`. १.० वजन म्हणजे काहीच बदल नाही. त्यामुळे साधनाला ही खूण कळत असेल तर दोन्ही चित्रं एकच यायला हवीत. एक्सफॉर्मर्स ही वेग वाढवणारी सोय चालू असेल तर केसाएवढा फरक पडू शकतो, पण बाईचा चेहरा, पदराची घडी, उभं राहण्याची ढब बदलता कामा नये. बदलली, तर समजा की कंस, कोलन आणि आकडा ही सगळी अक्षरं म्हणूनच मॉडेलकडे जातायत. मग तुम्ही १.८ लिहा नाहीतर १८ लिहा, वजन असं काही पडतच नाही.

माझ्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं. क्लासवाल्यांनी फी घेऊन प्रॉम्प्टची जाडजूड पीडीएफ दिली आणि सरावाला स्वतःचं पोर्टल दिलं. पीडीएफमधली सगळी खूण ऑटोमॅटिक1111 या स्टेबल डिफ्युजन चालवायच्या प्रोग्रामची. पोर्टल मात्र मागून डिफ्युजर्स लायब्ररीवर चालत होतं आणि ती लायब्ररी कंसांचा अर्थ आपणहून लावत नाही. तिच्यासोबत वजनं हवी असतील तर कॉम्पेलसारखं वेगळं काहीतरी जोडावं लागतं आणि कॉम्पेलची खूणही निराळी, `(nose ring)1.3` किंवा `(nose ring)++` अशी. हे त्यांनी जोडलेलंच नव्हतं. हेल्पडेस्कला दर वेळी चित्र पाठवायचो आणि दर वेळी एकच उत्तर यायचं, "सर, ब्रॅकेट वाढवून बघा." मी वाढवत गेलो आणि एक विचित्र प्रकार दिसायला लागला. प्रॉम्प्टच्या शेवटी लिहिलेला पाऊस चित्रातून गायब झाला. कारण साधं होतं. मॉडेलचा प्रॉम्प्ट वाचणारा भाग म्हणजे क्लिप, ते एका वेळी ७७ टोकन, म्हणजे शब्दांचे तुकडे, घेतं, त्यातली सुरुवातीची आणि शेवटची खूण सोडली तर आपल्या हातात ७५. पोर्टलवर प्रत्येक कंस आणि आकडा त्यातलीच जागा खात होता, वर पीडीएफमधली "मास्टरपीस, बेस्ट क्वालिटी" ही लांबलचक शेपटी आधीच होती. मर्यादेपुढचं सगळं कापलं जायचं. कापल्याची सूचना लायब्ररी देते, पण ती सर्व्हरवरच्या लॉगमध्ये. आम्हाला ती दिसणार कुठून? हेल्पडेस्कवाल्यांना दिसत होती, पण बघायची तसदी कोणी घेतली नाही. मी वरची दोन चित्रांची चाचणी करून पाठवली, तेव्हा कुठे त्यांच्यातल्या एकाने फोनवर कबूल केलं. तोवर दुकानाने काम दुसऱ्याला दिलं होतं. फी तर परत मिळालीच नाही. म्हणून क्लासचं पोर्टल असेल तर मी आजही सांगतो, पैसे भरण्याआधी ही चाचणी त्यांच्यासमोर करून घ्या.

ऑटोमॅटिक1111 वापरत असाल तर प्रॉम्प्टच्या चौकटीच्या कोपऱ्यात टोकनचा आकडा दिसतो. कंस घातल्याने तो वाढला नाही, म्हणजे कंस खूण म्हणून वाचले जातायत. हीच चाचणी झटपट करायची असेल तर एवढं पुरे.

आता गर्दी. ऑटोमॅटिक1111 मध्ये नुसता चौकोनी कंस, म्हणजे `[crowd]`, वजन १.१ ने भागतो, साधारण ०.९१ करतो. पण त्याच कंसात कोलन आणि आकडा आला की अर्थ पार बदलतो. `[crowd:0.3]` म्हणजे "गर्दी हा शब्द ३० टक्के स्टेप्स झाल्यावर प्रॉम्प्टमध्ये आण". तीस स्टेप्स असतील तर पहिल्या नऊ स्टेप्स मॉडेलला गर्दीचा पत्ताच नसतो. चित्राची मांडणी, कोण कुठे उभं, मोकळी जागा किती, हे त्या सुरुवातीच्या स्टेप्समध्येच ठरतं. नंतर आलेल्या गर्दीला उभं राहायला जागा उरत नाही, म्हणून ती कमी दिसते आणि आपल्याला वाटतं वजन लागू पडलं. ज्या सीडला मागे थोडी मोकळी जागा सुटते तिथे गर्दी नंतर घुसते, आणि कुठे तोरणाच्या फुलांमध्ये अर्धवट चेहरे उगवतात. तुमचं "कधी चालतं, कधी नाही" हे त्यातूनच आलंय. पीडीएफ लिहिणाऱ्याने ही खूण वजन म्हणून छापली, हा हलगर्जीपणाच. गर्दी खरोखर हलकी करायची तर गोल कंसात एकपेक्षा कमी आकडा द्या, `(crowd:0.6)`. आणि गर्दी नकोच असेल तर तो शब्द प्रॉम्प्टमधून काढून निगेटिव्ह प्रॉम्प्टमध्ये टाका.

मग नथ. तुमच्या ओळीचा हिशेब करा. आतलं वजन १.८, बाहेरच्या प्रत्येक कंसाजोडीला १.१ ने गुणायचं, दोन जोड्या म्हणजे १.२१. एकूण २.१७८. शब्दापासून निघालेले आकडे मॉडेलने शिकताना कधी पाहिले नसतील इतके ताणले जातात, आणि चेहरा बिघडतो, रंग जळतात ते त्यामुळे. माझं मत विचाराल तर ०.६ ते १.४ च्या बाहेर जायचं काही कारण नसतं. कंसांची चळत तर लावूच नका, एक जोडी आणि स्पष्ट आकडा, म्हणजे हिशेब डोळ्यांसमोर राहतो.

पण मुळात वजन कितीही योग्य असलं तरी मॉडेलला जी गोष्ट माहीत नाही ती त्याने येत नाही. एकदा फक्त चेहऱ्याचं जवळचं चित्र काढा, कंसाशिवाय नुसता `nath` लिहून. नाकात काहीच आलं नाही, तर तो शब्द त्या मॉडेलला दागिना म्हणून ठाऊक नाही. मग वर्णन करा:

```
woman in green nauvari saree, (large pearl nose ring:1.2),
ganpati mandap, marigold garlands, (crowd:0.6)
```

१.२ पासून सुरू करा आणि त्याच सीडवर दर वेळी ०.१ ने वर जा. शब्द निवडून कंट्रोल आणि वरचा बाण दाबला की आकडा आपोआप सरकतो. साधारण १.३ ला नाकात मोत्याचं काहीतरी ठामपणे बसतं. १.५ च्या पुढे गेलात की मोती नाकातून निघून कानात, अंबाड्यात, थेट साडीच्या काठावर पसरतात. मोती असे भलतीकडे दिसायला लागले की एक पायरी खाली या, तीच तुमची मर्यादा. हिरवा रंग तोरणात उतरत असेल तर तो मात्र वजनाने आवरत नाही. क्लिपमध्ये प्रत्येक शब्द आपल्या आधीच्या शब्दांचा रंग घेऊनच बाहेर पडतो.

सगळ्याच शब्दांना १.३ देण्याचाही उपयोग नाही. ऑटोमॅटिक1111 वजनं लावून झाल्यावर सगळ्यांची सरासरी पुन्हा मूळ जागी आणतो, त्यामुळे सगळे वर चढवले की बरीचशी भर परत निघून जाते. एसडीएक्सएल वापरत असाल तर सेटिंग्जमधल्या इम्फॅसिस मोडमध्ये `No norm` करून बघा, तिथे ही सरासरी आणली जात नाही. कम्फीयूआय हा दुसरा प्रोग्राम तर ती आपणहून आणतच नाही, म्हणून एकीकडचा १.४ तिकडे जास्त जोरात लागतो. प्रॉम्प्ट तिकडे नेताना आकडे उतरवा. तिथे चौकोनी कंस वजन म्हणून चालत नाही हेही लक्षात ठेवा. आणि मंडळातलं कोणी मिडजर्नी वापरत असेल तर तिथे हे कंस विसरा, तिथली पद्धत वेगळी आहे.

आता खरी अडचण, जी कुठल्याच वजनाने सुटत नाही. तुमची बाई पूर्ण उभी आहे. ५१२ बाय ५१२ चं चित्र मॉडेल आतमध्ये ६४ बाय ६४ च्या जाळीवर रंगवतं, म्हणजे जाळीचा एक चौकोन आठ पिक्सेलचा. पूर्ण उभ्या बाईच्या नाकातली नथ मोठी म्हटली तरी पंधरा-सोळा पिक्सेल, म्हणजे जेमतेम दोन चौकोन. दोन चौकोनांत मोती, तार आणि लाल खडा कसा बसणार? त्यामुळे आधी नथीशिवाय चांगलं चित्र निवडा, मग इनपेंटमध्ये नाक आणि गालाचा थोडा भाग मास्क करा, `Only masked` निवडा आणि प्रॉम्प्टमध्ये चेहरा आणि नथ एवढंच ठेवा. त्यामुळे तेवढाच तुकडा मोठा करून रंगवला जातो आणि परत जागेवर बसवला जातो. डीनॉइझिंग ०.५ च्या आसपास ठेवा. ०.३ ला नथ उगवत नाही आणि ०.७ च्या पुढे बाईचा चेहराच बदलतो. मास्क नाकाला चिकटून घेऊ नका, आजूबाजूचा गाल आत असला की नथीची सावलीही नीट पडते.

फ्लेक्ससाठी मोठं करणार असाल तर ते नथ बसल्यानंतर करा, आधी नको. दोन चित्रांच्या चाचणीचा निकाल आणि सीड इथे टाका, साधन कोणतं तेही लिहा. मग पुढचं बघू.